मदत हवी आहे : आईच्या लसीकरण प्रमाणपत्रावरील नाव आणि वय चुकीचे आहे

मंजिरी_सातारा (नोव्हेंबर 2021)
माझ्या आईला पुढच्या महिन्यात बहिणीच्या बाळंतपणासाठी लंडनला जायचे आहे. तिचे कोविशील्डचे दोन्ही डोस झाले आहेत, परंतु प्रमाणपत्रावर नाव चुकले आहे आणि वयही 56 छापले आहे. मी कोविनवर लॉगिन केले, तर तिथे दुरुस्तीचा पर्यायच दिसत नाही. तातडीने मार्ग हवा आहे, कृपया कोणीतरी नेमके सांगावे.

अ_देशपांडे
आधार केंद्रावर जाऊन आधी आधार दुरुस्त करून घ्या. आधार दुरुस्त झाले की लसीचे प्रमाणपत्र आपोआप बदलते, कारण सगळी माहिती तिथूनच घेतली जाते.

मंजिरी_सातारा
आधारवर सगळे बरोबर आहे. मला प्रमाणपत्राबद्दल विचारायचे आहे.

लसकक्ष_स्वयंसेवक
आधार बदलल्याने प्रमाणपत्र बदलत नाही. केंद्रावर जे टंकले गेले, तेच कोविनमध्ये राहते. नेमके सांगता यावे म्हणून तीन गोष्टी कळवा: आईचे खरे जन्मवर्ष कोणते, नाव पासपोर्टवर कसे आहे आणि प्रमाणपत्रावर कसे आहे, आणि नोंदणी कोणाच्या मोबाइलवरून झाली होती?

रानफूल
माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत वेगळाच घोळ झाला होता. दुसऱ्या डोसच्या वेळी त्यांची नव्याने नोंदणी झाली, त्यामुळे पहिल्या डोसचीच दोन प्रमाणपत्रे हाती आली. ती एकत्र करण्याची विनंती केल्यावर मग अंतिम प्रमाणपत्र मिळाले. तुम्हीही तसेच करा.

मंजिरी_सातारा
तसे नाही, दोन्ही डोस एकाच प्रमाणपत्रावर आहेत. आईचा जन्म 1956 चा आहे. पासपोर्टवर ‘सुनंदा वसंत’ आणि आडनाव वेगळ्या रकान्यात आहे, तर प्रमाणपत्रावर ‘सुनदा व्ही.’ आणि आडनाव असे आहे. नोंदणी सोसायटीतल्या एका काकांनी शिबिराच्या वेळी केली होती. मी लॉगिन माझ्या मोबाइलवरून केले.

लसकक्ष_स्वयंसेवक
मग पर्याय दिसत नाही याचे कारण हेच आहे. तुमच्या खात्यात आई सदस्य म्हणून नोंदलेल्याच नाहीत, त्या काकांच्या क्रमांकाखाली आहेत. लॉगिन त्याच क्रमांकाने करावे लागेल आणि ओटीपीही त्याच फोनवर येईल. तो 180 सेकंदच चालतो, म्हणून काका शेजारी असताना किंवा फोनवर असतानाच हे करा.

वयाचे म्हणाल, तर 2021 मध्ये 56 दिसते आहे, म्हणजे जन्मवर्ष 1956 ऐवजी 1965 असे अंक उलटून पडले असणार. साध्या प्रमाणपत्रावर फक्त वय छापले जात असल्यामुळे ही चूक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

आत गेल्यावर `Raise an Issue` निवडा, सदस्यांमधून आईचे नाव घ्या आणि प्रमाणपत्रातील दुरुस्तीचा पर्याय उघडा. इथे फार सावध राहावे, कारण नाव, जन्मवर्ष आणि लिंग यांपैकी दोनच गोष्टी बदलता येतात आणि तीही संधी एकदाच मिळते. आज नाव आणि उद्या जन्मवर्ष असे करायला गेलात, तर दुसऱ्या वेळी दार बंद झालेले असेल. दोन्ही बदल एकाच विनंतीत भरा आणि पाठवण्यापूर्वी पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर तपासा.

अ_देशपांडे
‘व्ही.’ हे आद्याक्षर तसेच ठेवले तरी चालते. मी दुबईला गेलो तेव्हा कोणी विचारले नाही. एवढा बाऊ कशाला?

लसकक्ष_स्वयंसेवक
दुबईत विचारले नाही म्हणून विमान कंपनीचा कर्मचारी लंडनच्या उड्डाणापूर्वी विचारणार नाही, असे मानता येत नाही. एकच संधी असताना ती अर्धवट नावावर का खर्च करावी? मी तर पासपोर्टवरचे क्रमानेच लिहीन: दिलेले नाव, पतीचे नाव, मग आडनाव.

रानफूल
संगणकावर पीडीएफमध्येच नाव बदलून घेणारे लोकही मी पाहिले आहेत.

लसकक्ष_स्वयंसेवक
तसे मुळीच करू नका. क्यूआर कोडमध्ये मूळ माहिती डिजिटल स्वाक्षरीसह असते, त्यामुळे तो तपासताच छापलेले आणि आतले जुळत नाही हे उघड होते. त्याच कारणाने दुरुस्तीनंतर जुनी छापील प्रत बाजूला ठेवून प्रमाणपत्र नव्याने उतरवून घ्यावे.

दुरुस्ती दिसू लागल्यावरच पासपोर्ट क्रमांक जोडा, तो पर्याय त्याच ठिकाणी वेगळा आहे. मग परदेश प्रवासाचे प्रमाणपत्र घ्या, त्यावर केवळ वय नसते तर पूर्ण जन्मतारीख असते.

मंजिरी_सातारा
मनापासून आभार. काका सध्या नाशिकला मुलाकडे आहेत, त्यांना आज रात्री फोन करते. मात्र त्यांनी तो क्रमांक बंद केला असेल, तर ओटीपी येणारच नाही. तेव्हा काय करायचे?

लसकक्ष_स्वयंसेवक
मग 1075 या मदत क्रमांकावर आईचा संदर्भ क्रमांक सांगून तक्रार नोंदवावी लागेल. त्या मार्गाने कोणाचे काम झाले असेल, तर त्यांनी इथे अवश्य लिहावे.