इंग्रजी शोधनिबंधात ‘बिट्वीन’ की ‘अमंग’, ‘कम्पेअर्ड टू’ की ‘कम्पेअर्ड विथ’? सल्ला हवा

निरीक्षक: वाचन शिकवण्याच्या तीन पद्धतींची तुलना करणारा निबंध मी इंग्रजीत लिहीत आहे. निष्कर्षांच्या भागात मी ‘डिफरन्सेस बिट्वीन द थ्री मेथड्स’ असे लिहिले होते. मार्गदर्शकांनी तेथे ‘अमंग’ केले. पुढे ‘स्कोअर्स इन द थर्ड ग्रुप वेअर हायर कम्पेअर्ड टू द फर्स्ट ग्रुप’ या वाक्याखाली त्यांनी नुसती रेघ ओढली आहे. यामागे निश्चित नियम आहे का, की ही केवळ आवडनिवड आहे?

जुनीवही: नियम सोपा आहे. दोघांसाठी ‘बिट्वीन’ आणि दोनपेक्षा अधिक असतील तर ‘अमंग’. आम्हाला शाळेत हेच शिकवले होते. आपले गट तीन आहेत, म्हणून मार्गदर्शक बरोबर आहेत.

मुद्रितशोधक: शाळेतला हा नियम अर्धाच खरा आहे. तीन देशांत करार झाला आणि प्रत्येक देश इतर दोघांशी स्वतंत्रपणे बांधील असला, तर इंग्रजीत ‘बिट्वीन थ्री कंट्रीज’ असेच म्हणतात, आणि ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानेही हा वापर योग्य मानला आहे. गोष्टी किती आहेत यापेक्षा त्यांचे नाते एकेकाशी सुटे सांगायचे आहे की सगळ्यांचे मिळून, हे पाहावे.

आता आपले वाक्य घेऊ. तीन गटांच्या सरासरींवर आपण प्रथम अनोव्हा चाचणी केली असेल. तिचा एफ लक्षणीय आला म्हणजे तिन्ही सरासरी एकसारख्या नाहीत, एवढेच कळते. फरक नेमका कोणत्या जोडीत आहे, हे ती चाचणी सांगत नाही. म्हणून त्या वाक्यात ‘अमंग द थ्री मेथड्स’ अधिक काटेकोर ठरते. त्यानंतर टुकीसारख्या चाचणीने जोड्या तपासून पहिली आणि तिसरी पद्धत वेगळी निघाली, तर तेथे ‘बिट्वीन द फर्स्ट अँड द थर्ड’ हवे. सगळीकडे ‘अमंग’ केले, तर आपण जोड्या तपासल्या होत्या की नाही हे वाचकाला कळणार नाही. मात्र ‘बिट्वीन-ग्रुप्स व्हेरियन्स’ हे रूढ नाव आहे. गट कितीही असले तरी त्याला हात लावू नये.

निरीक्षक: म्हणजे सर्वसाधारण निकालापुरती मार्गदर्शकांची दुरुस्ती योग्य आहे आणि जोड्यांच्या परिच्छेदात माझा मूळ शब्द परत येईल. आणि ती रेघ?

मुद्रितशोधक: त्या वाक्यात ‘टू’ की ‘विथ’ हा प्रश्न दुय्यम आहे. ‘हायर’ या शब्दातच तुलना आलेली असल्यामुळे पुढे ‘दॅन’ पुरते. शिवाय आपण गुणांची तुलना गटाशी केली आहे. ती गुणांशीच व्हायला हवी. ‘स्कोअर्स वेअर हायर इन द थर्ड ग्रुप दॅन इन द फर्स्ट’ असे लिहिले की दोन्ही दोष जातात.

जेथे ‘कम्पेअर’ खरोखरच हवे, तेथे दोन गोष्टी शेजारी ठेवून साम्य आणि भेद दोन्ही तपासायचे असतील तर ‘विथ’, आणि एक गोष्ट दुसरीसारखी आहे असे म्हणायचे असेल तर ‘टू’. हृदयाला पंपाची उपमा दिली तर ‘टू’. दोन रुग्णांच्या हृदयांची मोजमापे ताडून पाहिली तर ‘विथ’. विश्लेषणात बहुतेक वेळा दुसरेच काम चालते.

रविवारवाचक: माझ्या निबंधात परीक्षकांनी ‘बिट्वीन २० टु ३० इयर्स’ कापून ‘बिट्वीन २० अँड ३०’ केले होते. हाही याच नियमाचा भाग आहे का?

मुद्रितशोधक: तो वेगळा मुद्दा आहे, पण दुरुस्ती बरोबर आहे. ‘बिट्वीन’ला ‘अँड’ लागतो आणि ‘फ्रॉम’ला ‘टु’. वयोगट असेल तर २० आणि ३० ही टोके धरली आहेत की नाहीत, हेही लिहावे. ‘बिट्वीन’वरून ते कळत नाही.

कडेलोट: मला ‘टू’ आणि ‘विथ’चा भेद तितका पक्का वाटत नाही. वाक्याच्या मधोमध येणाऱ्या ‘कम्पेअर्ड टू द कंट्रोल ग्रुप’ या रूपात चांगले लेखकही सर्रास ‘टू’ वापरतात आणि अर्थाचा घोटाळा होत नाही. तेथे ‘विथ’चा आग्रह मला सवयीचा वाटतो, तर्काचा नव्हे.

मुद्रितशोधक: त्या रूपापुरते आपले म्हणणे मला मान्य आहे, तेथे दोन्ही चालतात. तरी वैद्यकीय नियतकालिके बहुधा ‘विथ’ मागतात, म्हणून मी ते बदलतो. ‘वी कम्पेअर्ड द ग्रुप्स टू...’ असे क्रियापद मुख्य असेल, तर मात्र मी सूट देत नाही.

जुनीवही: तीन देशांच्या कराराचे पटले. तरीही तिघांत वाटणी करायची असेल तर मी ‘अमंग’च लिहीन.

निरीक्षक: मार्गदर्शकांना दोन्ही वाक्ये नव्याने दाखवतो. वाक्याच्या मधल्या रूपातही ‘विथ’च हवे असा त्यांचा आग्रह आहे का, ते त्यांनाच विचारावे लागेल.