मदत हवी आहे: एका हाताने वापरायच्या ॲपची खालची पट्टी

दूध संकलन केंद्रासाठी अँड्रॉइड ॲप करतोय. एका हातात किटली, दुसऱ्यात फोन, म्हणजे सगळी भिस्त अंगठ्यावर. ३६० डीपी रुंदीत पाच टॅब, प्रत्येकाला ७२. पट्टीची उंची ५६. गूगलने सुचवलेल्या किमान ४८ पेक्षा हे जास्तच, तरी चुका होतात. केंद्रावर उभं राहून पाहिलं: ‘नोंद’ दाबताना अंगठा चिन्हाच्या जरा खाली टेकतो आणि फोनचं होम बटण दाबलं जातं. उजव्या हातात फोन असला की डावीकडच्या टॅबसाठी तो तळहातात सरकवावा लागतो.

पट्टीखाली ८-१२ डीपी मोकळी जागा सोडू, की एक टॅब कमी करून प्रत्येकाला ९० देऊ? मोकळ्या जागेतला स्पर्शही टॅबचाच धरावा का? कोणी प्रत्यक्ष करून पाहिलंय का?