उत्तर धर्मांतराच्या आधीच तयार होतं

"तुर्की पगडी घातल्यावरही सब्बाताई झ्वीवरचा लोकांचा विश्वास उडाला कसा नाही?"

सतराव्या शतकात सब्बाताई स्वतःला ज्यूंचा मसीहा, म्हणजे तारणहार, म्हणवत होता आणि शेवटी त्याने इस्लाम स्वीकारला; पगडी म्हणजे तेच. बहुतेकांचा विश्वास उडाला. पण उरलेल्यांना निव्वळ भोळे म्हणणं मला पटत नाही, कारण त्यांच्याकडे लुरिया या ज्यू गूढवाद्याच्या कब्बालाची, म्हणजे गूढ शिकवणीची, चौकट होती. सृष्टीच्या आरंभी दैवी प्रकाशाची पात्रं फुटली, ठिणग्या अशुद्ध कवचांत अडकल्या आणि त्या वर काढणं हे माणसाचं काम, असं ती सांगते. सब्बाताईला मसीहा म्हणून जाहीर करणाऱ्या गाझाच्या नाथानने यात भर घातली: तळाच्या ठिणग्या बाहेरून निघत नाहीत, त्यासाठी मसीहाच्या आत्म्याला स्वतः कवचात उतरावं लागतं. गंमत म्हणजे हे त्याने 1666 च्या सप्टेंबरातल्या धर्मांतराआधीच, सब्बाताई गॅलिपोलीच्या कैदेत असताना लिहिलं होतं. हिब्रूत अक्षरांनाच अंकमूल्य असतं. 'माशिआह' (मसीहा) म्हणजे 40+300+10+8, बेरीज 358. 'नाहाश' (साप) म्हणजे 50+8+300, तेही 358. म्हणून मसीहा हा 'पवित्र सर्प'! एदिर्नेत सुलतानासमोर सब्बाताईने धर्म बदलल्यावर नाथानला नवं काही रचावं लागलं नाही, होतं तेच पुढे ताणलं.

घोळ पुढे झाला. हे कवचात उतरणं एकट्या मसीहाचं, इतरांनी त्याचं अनुकरण करू नये, असं नाथानचं म्हणणं. पण 1683 मध्ये सालोनिकात सब्बाताईच्या अनुयायांच्या शेकडो कुटुंबांनी एकदम इस्लाम स्वीकारला. बाहेरून मुसलमान, घरात गुपचूप सब्बाताईचे सण. तेच दोन्मे.