मदत हवी आहे: बाराव्या दिवशी डावी छाती दगडासारखी, ताप १००.८

मीनल_को: बहिणीचं पहिलं बाळंतपण, नॉर्मल डिलिव्हरी, आज बारावा दिवस. काल संध्याकाळपासून डाव्या स्तनाच्या बाहेरच्या बाजूला कडक गाठ आणि लालसर पट्टा आहे. पहाटे ताप १००.८ होता. बोंडशीला छोटी भेग आहे. आई गरम शेक देतेय, मालिशवाली बाई गाठ फोडायला जोरात चोळते, आणि पाजून झाल्यावर बहीण पंपाने उरलेलं दूध काढते. तरी वाढतंच आहे. अँटिबायोटिक आजच सुरू करावं का?

घरचा_वैद्य: दूध साकळलंय. छाती पूर्ण रिकामी झाल्याशिवाय उतरणार नाही. दर दोन तासांनी पंप करा, शेक चालू ठेवा. पाजणं अजिबात बंद करू नका.

सुईण_अक्का: पाजणं बंद करायचं नाही, हे बरोबर. बाकीचं आधी असंच सांगत, पण २०२२ साली अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनने तो सल्ला बदलला. पाजून झाल्यावर पंप लावला की शरीराला वाटतं जुळी आहेत, आणि दूध आणखी येतं. आत दुधाची गुठळी अडकलेली नसते, जी फोडून काढायची. आजूबाजूच्या सुजेने दुधाच्या नळ्या बाहेरून दाबल्या जातात. चोळलं की बारीक रक्तवाहिन्या दुखावतात आणि सूज वाढते. मालिश आजच थांबवा.

बाळाला भूक लागेल तेव्हा दोन्ही बाजूंनी पाजा, जास्त नाही, कमी नाही. बोंडशीभोवतीचा काळा भाग इतका ताठ असेल की बाळाला तोंडात धरता येत नसेल, तर पाजण्याआधी बोटांची टोकं बोंडशीच्या मुळाशी चारही बाजूंनी ठेवून छातीच्या दिशेने हलकं दाबून धरायचं, साधारण मिनिटभर. सूज मागे सरते, तो भाग मऊ होतो. मग हाताने थोडंसं दूध काढून बाळाला लावा. पाजून झाल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटं.

औषध: आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ, काही खाऊन, दर आठ तासांनी. पोटाचा अल्सर, किडनीचा त्रास, दमा किंवा बीपी असेल तर डॉक्टरांना विचारूनच. ते चालत नसेल तर पॅरासिटामॉल. ताप मोजायचा तो गोळी घेण्याआधी, नाहीतर उतरलेला वाटतो.

स्नेहा७: माझ्या वेळी डॉक्टरांनी दूध आटवायची गोळी दिली होती, दोन दिवसांत मोकळी झाले. ती विचारून बघा.

सुईण_अक्का: स्नेहाताई, ती पाजायचंच नसेल तेव्हाची गोष्ट. इथे बाळ पितंय, आणि हे दूध बाळाला चालतं.

मीनल_को: मग अँटिबायोटिक कधी?

सुईण_अक्का: सुरुवातीला ती नुसती सूज असते, तापसुद्धा सुजेने येऊ शकतो. नीट उपचार करूनही २४ तासांत उतार नसेल, तर जंतुसंसर्ग धरायचा. थंडी वाजून ताप, नाडी जलद, अंगात त्राण नाही, किंवा भेगेतून पू येतोय, तर तेवढंही थांबायचं नाही. तुमच्याकडे भेग आहे, तिथूनच जंतू शिरतात, त्यामुळे उद्या सकाळच्या पुढे मी नेणार नाही. लाल पट्ट्याची कड पेनाने आखून ठेवा. त्वचा सावळी असेल तर लाली कमी दिसते, तिथे हाताला लागणारा गरमपणा बघा.

मीनल_को: (दुसऱ्या दिवशी) गोळीआधी १०१.६. लाली रेषेच्या बाहेर बोटभर गेली. डॉक्टरांनी सेफॅलेक्सिन ५०० मिग्रॅ दिवसातून चारदा, दहा दिवस दिलंय. पेनिसिलिनची ॲलर्जी नाही ना, हे विचारलं.

घरचा_वैद्य: ताप गेला की बंद करा. बाळाला जुलाब होतील.

सुईण_अक्का: कोर्स अर्धवट सोडायचा नाही, पुन्हा उलटतं. बाळाची शी थोडी पातळ होऊ शकते, तेवढ्यासाठी औषध थांबवत नाहीत. शीत रक्त दिसलं किंवा बाळ पीत नसेल तर लगेच दाखवा.

मीनल_को: (४८ तासांनी) ताप नाही, लाली फिकट. पण लिंबाएवढी गाठ आहे तशीच, दाबली की दुखते.

सुईण_अक्का: आजच सोनोग्राफी करून घ्या. हाताने सूज कोणती आणि पू कोणता हे नक्की सांगता येत नाही. पू निघाला तर बहुधा सोनोग्राफीत बघत सुईने ओढून काढतात, चिरा द्यावा लागतोच असं नाही. त्याच पुवाची तपासणी करा, म्हणजे नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारा स्टॅफ जंतू असेल तर कळेल. त्या बाजूने पाजणं चालू ठेवता येतं.

मीनल_को: दुपारी ४ ची वेळ मिळाली. रिपोर्ट आला की इथे टाकते.