मदत हवी आहे: क्लॅरिनेटमध्ये सम हार्मोनिक नसतात म्हणे, मग 880 ला शिखर कुठून आलं?

कोमल_धैवत
बी फ्लॅट क्लॅरिनेट आणि ओबो, दोन्हींवर 440 हर्ट्झचा स्वर रेकॉर्ड करून Audacity मध्ये Plot Spectrum काढला (Size 16384). क्लॅरिनेटमध्ये फक्त 1, 3, 5 अशा विषम पटी असतात आणि त्यामुळेच त्याचा आवाज पोकळ लागतो, असं वाचलं होतं. पण माझ्या आलेखात 880 ला ठसठशीत शिखर आहे. रेकॉर्डिंग चुकलं का?

पिपाणीवाला
पोताचा फरक रीडमुळे पडतो. क्लॅरिनेटला एक रीड, ओबोला दोन. दुहेरी रीड चिरकी वाजते, एवढंच.

नळीशास्त्र
रीडचा वाटा आहे, पण मुख्य कारण ते नाही. सॅक्सोफोनला एकच रीड असते, तरी तो क्लॅरिनेटसारखा वागत नाही. उलट आर्मेनियाच्या दुदुकला दुहेरी रीड असून त्याचा आवाज काळसर, क्लॅरिनेटकडे झुकणारा. फरक नळीच्या आकाराचा आहे. क्लॅरिनेट आणि दुदुक आतून बव्हंशी सरळ, एकाच व्यासाचे. ओबो आणि सॅक्सोफोन शंकूसारखे रुंद होत जाणारे.

रीडचं टोक दोन्ही प्रकारच्या नळ्यांत बंद टोकासारखं काम करतं. सरळ नळी एका टोकाला बंद असली की तिच्यात लांबीच्या चौपट तरंग मावतो आणि वरचे अनुनाद विषम पटींजवळ येतात. शंकूत मात्र सगळ्या पटी येतात. म्हणून लांबी जवळपास सारखी असूनही क्लॅरिनेट 147 पर्यंत खाली जातो आणि ओबो 233 लाच थांबतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर मूळ स्वर सा धरा. दुसरी पट तार सा, तिसरी त्याच्यावरचा पंचम, चौथी अतितार सा, पाचवी गंधार, तंबोऱ्यात ऐकू येतो तोच स्वयंभू गंधार. क्लॅरिनेटच्या खालच्या भागात पंचम आणि गंधार उरतात, मधले दोन्ही सा दबतात. तो पोकळपणा इथला.

आता तुमची अडचण. रेकॉर्डिंग बरोबर असावं, स्वर चुकीचा निवडला. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर 440 म्हणजे लिहिलेला बी: सगळी भोकं बंद आणि रजिस्टर की उघडी. म्हणजे 147 वाल्या नळीचा दुसरा, तिपटीवरचा अनुनाद तुम्ही मूळ स्वर म्हणून वाजवताय. तिथून वरचे अनुनाद नेमक्या पटींवर बसत नाहीत, शिवाय साधारण 1500 हर्ट्झच्या वर नळी ध्वनी धरून ठेवत नाही, तो बाहेर निसटतो. सम-विषमचा भेद तिथे पुसट होतो.

दोन्हींवर 262 चा सी घ्या. क्लॅरिनेटवर तो लिहिलेला डी: डाव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं. मधला दोन सेकंदांचा स्थिर तुकडाच निवडा, सुरुवातीचा फुंकरीचा भाग नको. माइक भोंग्याच्या तोंडाशी धरू नका, आवाज भोकांतूनही येतो. एक मीटरवर ठेवा. जोर दोन्हीकडे मध्यम, कारण हळू वाजवलं की वरच्या पटी आपोआप पडतात.

सनई_चौघडा
म्हणजे सनई क्लॅरिनेटच्या घरातली ना? बँडवाले लग्नात दोन्ही वाजवतात म्हणून विचारलं.

नळीशास्त्र
नाही, ओबोच्या. दुहेरी रीड आणि शंकूची नळी. जोरात फुंकून ओबो किंवा सनई वर उडवली तर तार सप्तकातला तोच स्वर येतो, क्लॅरिनेट मात्र थेट त्याच्यावरच्या पंचमावर जातो. कानाने ओळखायची सोपी खूण.

कोमल_धैवत
262 वर करून पाहिलं. क्लॅरिनेटमध्ये 523 आणि 1046 खरंच खाली गेले; 785 आणि 1308 उंच. 1570 ला, म्हणजे सहाव्या पटीला, पुन्हा शिखर आहे, ते तुमच्या 1500 शी जुळतं. ओबोत मात्र 262 स्वतः 523 आणि 785 पेक्षा बुटका! मग ऐकू 262 च का येतं?

नळीशास्त्र
लागोपाठच्या शिखरांमधलं अंतर 262 आहे, कान त्यावरूनच स्वर ठरवतो. ओबोत 1000 हर्ट्झच्या आसपास एक ठरलेला उठाव असतो. त्यामुळे चौथी पट, 1046, तिथे बळकट होते आणि नेमकी तीच क्लॅरिनेटमध्ये दबलेली असते. या एका स्वरावर दोघांची तुलना म्हणूनच इतकी उठून दिसते.

कोमल_धैवत
पण माझ्याकडे ओबोत 785 सगळ्यात उंच आहे, 1046 नाही.

पिपाणीवाला
सांगितलं ना, रीड. मऊ रीड लावून बघा.

नळीशास्त्र
या वेळी शक्य आहे. खोलीच्या भिंतींमुळेही एखादी पट उठते, माइक अर्धा मीटर सरकवून पुन्हा घ्या. मग 233 आणि 294 दोन्ही वाजवा. उठाव खरा असेल तर 233 ला चौथी-पाचवी पट आणि 294 ला तिसरी-चौथी बळकट दिसेल, म्हणजे शिखर स्वराबरोबर न सरकता 1000 च्या आसपासच राहील. सरकलं तर रीड किंवा खोली. तिन्ही आलेख इथे टाका.