जबड्याचा आवाज आणि दुखणे: सुईआधी काय करावे

«मी खानापूरची. महिनाभर चावताना उजव्या कानापुढे कट्ट वाजते आणि दुखते. सांध्यात सुई घालून धुवायला सांगितले आहे. लगेच करावे का?»

ताई, तोंड पूर्ण उघडत असेल तर घाई करू नये. जबड्याच्या सांध्यातील मऊ चकती थोडी पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना जबड्याचे हाड तिच्यावर परत चढते आणि आवाज होतो. नुसत्या आवाजाला उपचार लागत नाहीत. दुखणे मात्र बऱ्याचदा स्नायूंचे असते, आणि दात आवळून ठेवल्याने किंवा एकाच बाजूने चावल्याने ते वाढते.

निपाणीच्या माझ्या मावशी डावी दाढ काढल्यापासून कडक भाकरी आणि सुपारी उजवीकडेच चावत असत. त्यांनी सुपारी सोडली, भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली, दिवसातून दोनदा गालावर 15 मिनिटे कोमट कापडाचा शेक घेतला. जिभेचे टोक वरच्या दातांमागे, ओठ मिटलेले आणि दात विलग, ही ठेवण त्यांनी दिवसभर सांभाळली. मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जांभई देताना हनुवटीखाली हात धरला. दीड महिन्यात दुखणे गेले, आवाज थोडा राहिला.

आपली तीन बोटे उभी दातांमध्ये मावतात का, हे रोज पाहावे. आवाज अचानक थांबून तोंड कमी उघडू लागले तर चकती अडकलेली असू शकते. तेव्हा, किंवा सूज आणि ताप आल्यास, मुखशल्यचिकित्सकांना लवकर दाखवावे. दात झिजवून चावा बदलण्यास मात्र इतक्यात होकार देऊ नये, कारण झिजवलेला दात परत येत नाही.