मदत हवी आहे: दया 'गुलामांची' म्हणून वाईट, हा नीत्शेचा युक्तिवाद पटतो का?

सई_रत्नागिरी
टी.वाय.ला तत्त्वज्ञान आहे. नीत्शेच्या १८८७ सालच्या 'नीतीची वंशावळ'मधल्या पहिल्या निबंधावर वर्गात बोलायचंय. मालकांची नीती वेगळी, गुलामांची वेगळी आणि दया, नम्रता, सोशिकता गुलामांच्या पदरात, इथवर समजलं. पण एखादं मूल्य दुबळ्यांकडून आलं म्हणून ते वाईट कसं ठरतं? इथेच अडले आहे.

रापणवाला
सोपं आहे. मालक आधी स्वतःला चांगलं म्हणतो, बाकीचे हीन. गुलाम आधी मालकाला दुष्ट ठरवतो आणि मग 'मी तसा नाही, म्हणून मी सज्जन' म्हणतो. कोकरं शिकारी पक्ष्यांना दुष्ट म्हणतात आणि स्वतःला सज्जन, तो नीत्शेचा दाखला आठव. म्हणून मालकांची नीती खरी, गुलामांची खोटी, दुबळ्यांची कीव करू नका. झालं.

नाना_दापोली
रापणवाले, क्रम अगदी बरोबर सांगितलात, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. आत धुमसणाऱ्या आकसातून गुलामांची नीती जन्मली असं नीत्शे म्हणतो, पण माणूस खोल आणि रंजक प्राणी झाला तो पुरोहितांच्या वाटेवरच, हेही त्याच निबंधात आहे. 'मालक व्हा' असा उपदेश त्यात शोधू नये. दोन्ही नीती एकाच माणसाच्या मनात नांदू शकतात, असं त्याने आदल्या वर्षीच्या पुस्तकात लिहिलं होतं.

सई, तुझी शंका रास्त आहे आणि ती नीत्शेलाही ठाऊक होती. एखादी नीती चुकीतून उगवली हे दाखवलं तरी तिच्या मोलाचा प्रश्न सुटत नाही, असं तो स्वतःच म्हणतो. मग एवढा इतिहास कशाला? त्याच्यासमोर आधीच्या पिढीतला जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉअर होता. १८४० साली त्याने करुणा हाच सगळ्या नीतीचा पाया मांडला, माणसाच्या स्वभावातला, काळाच्या बाहेरचा. तिचा जन्म दाखवला की ते कवच गळतं आणि 'ही करुणा कोणाच्या कामाची, तिने माणसाचं काय होतं?' असं विचारता येतं. इतिहास प्रश्नाचं दार उघडतो, निकाल देत नाही. मालकांच्या बाजूला रोम आणि गुलामांच्या बाजूला यहुदी परंपरा हे नीत्शेचं चित्र इतिहास म्हणून फार ठोकळ आहे. वर्गात ते सन-सनावळ्यांसारखं मांडू नकोस.

दिवेआगरचा_बाबू
प्रश्न नीट कळला नाही, पण दया वाईट म्हणणाऱ्याने ३ जून २०२० ला आमच्याकडे यायला हवं होतं. निसर्ग वादळात आमची सुपारीची वाडी आडवी झाली. मदत आली नसती तर काय खाल्लं असतं? फक्त एक गोष्ट डाचते. तांदळाची पिशवी हातात देऊन फोटो काढले. वडिलांनी लावलेल्या झाडांबद्दल एकानेही विचारलं नाही. शेजारचे काका काही न बोलता कोयता घेऊन आले आणि पडलेली झाडं तोडून वाट करून दिली. त्यांचं ओझं वाटलं नाही.

नाना_दापोली
बाबू, तू नेमकं बोट ठेवलंस. नीत्शेचा दयेवरचा दुसरा आक्षेप हाच, आणि मला तो पहिल्यापेक्षा भक्कम वाटतो. दया करणारा दुसऱ्याच्या दुःखातलं त्याचं स्वतःचं असं जे असतं, तेच पुसून टाकतो. तुमच्या दुःखात वडिलांची झाडं होती, पिशवी देणाऱ्याला फक्त 'वादळग्रस्त' दिसला. वर देणाऱ्याला आपण मोठे असल्याचं सुख मिळतं ते वेगळंच. उलट मालक-वृत्तीचा माणूसही दुःखिताला मदत करतो, असं नीत्शे लिहितो. ती दयेतून जवळजवळ नसतेच, अंगात ताकद उतू जाते म्हणून असते. काकांना तिथे बसवता येईल, पण जपून. त्यांच्या मनात काय होतं ते आपल्याला कुठे माहीत?

सई, हे दोन युक्तिवाद वेगळे ठेव. एक आकसाचा इतिहास, दुसरा दयेचं परीक्षण. पहिला पडला तरी दुसरा उभा राहतो.

महाडकर
मला यात धोका दिसतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, ते दयेची भीक मागायला नव्हे. मग या चौकटीत तो 'गुलामांचा उठाव' आणि समता म्हणजे आकस ठरणार का? मनूच्या व्यवस्थेचं कौतुक नीत्शेनेच केलं आहे. हे लपवून शिकवू नका.

नाना_दापोली
लपवत नाही, ते कौतुक आहेच आणि ते मला झोंबतं. पण त्याच्या म्हणण्याप्रमाणे आकस त्यांच्यात साचतो, ज्यांना खरी कृती नाकारलेली असते आणि जे मनातल्या मनात सूड घेतात. तळ्यावर जाऊन पाणी पिणं ही उघड कृती होती. त्याच्याच कसोटीवर महाड आकसात बसत नाही.

महाडकर
कृती बसत नाही, मान्य. पण समतेची मागणी? ती तो गुलामांच्या नीतीतच टाकेल.

नाना_दापोली
टाकेल. तिथे माझ्याकडे त्याच्या बाजूने उत्तर नाही.

सई_रत्नागिरी
मग मी कोकरांपासून सुरुवात करते, शोपेनहॉअरवरून दयेच्या परीक्षणाकडे जाते आणि महाडकरांचा प्रश्न वर्गापुढे ठेवते. बाबूदादा, तुमच्या वाडीचं उदाहरण नाव न घेता सांगितलं तर चालेल का?

दिवेआगरचा_बाबू
सांग. काकांचा कोयता मात्र विसरू नकोस.